चिमटेताई आणि हिरवी दोरी

आमच्या शाळेत संगणक-खोली सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे चिमटेताई म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि त्यात कौतुक नव्हतं. मी भाषा शिकवायची. नावं ठेवणं हा माझा धंदाच होता म्हणा ना.

शाळेच्या इमारतीची एक बाजू खचली म्हणून दुरुस्तीला काढली, त्या वर्षीची ही गोष्ट. निम्मे वर्ग उरलेल्या खोल्यांत बसायचे आणि निम्मे घरून, पडद्यावर. असं पाच महिने चाललं. व्यवस्थापन समितीने शाळेसाठी ऑनलाइन वर्गांचं एक खातं घेतलं आणि त्या खात्यावर तीन परवाने. परवाना म्हणजे काय, हे आम्हा सतरा शिक्षकांना कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला वाटलं, खातं आलं म्हणजे झालं, आता सगळ्यांनी हवं तेव्हा शिकवावं. पहिल्याच सोमवारी दहा वाजता पाच जणांनी एकदम वर्ग सुरू करायला घेतले. तिघांचे सुरू झाले आणि दोघं पडद्याकडे तोंड वासून बसले. मग त्या दोघांनी तिथे विचारलेल्या प्रश्नाला 'होय' म्हटलं, आणि आधीच्या तिघांपैकी दोघांचे वर्ग धाडकन बंद झाले. सकाळभर नुसता संगीत खुर्चीचा खेळ झाला.

चिमटेताईंनी दुपारी सगळ्यांना शिक्षक-खोलीत बसवून समजावलं. त्या बारावी शिकलेल्या, वर संगणकाचा एक कोर्स केलेला. अकरा वर्षं कंत्राटावर होत्या. उभ्या राहून बोलताना त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"एका परवान्यावर एका वेळेला एकच वर्ग चालतो," त्या म्हणाल्या. "वेळापत्रकात तुम्ही एकाच वेळेचे दहा वर्ग टाकलेत तरी ते गप्प घेतं, काही बोलत नाही. सुरू करायला गेलं की मगच अडवतं. म्हणून कुणी काय कधी सुरू करायचं, ते आधीच लावून ठेवावं लागेल."

"मग ज्याने त्याने आपापलं फुकटचं खातं काढावं की," गणिताचे सर म्हणाले.

"ते चाळीस मिनिटांनी बंद होतं, सर. आपला तास पंचेचाळीसचा."

सरांनी लगेच पाच मिनिटांचं गणित मनात करून पाहिलं असावं, कारण पुढे त्यांनी फुकटच्या खात्याचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी संगणक-खोलीच्या भिंतीवर नायलॉनच्या तीन दोऱ्या ताणलेल्या दिसल्या: लाल, पिवळी, हिरवी. एकेक दोरी म्हणजे एकेक परवाना. वर खडूने वेळा लिहिलेल्या, आणि दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचे चिमटे. प्रत्येक चिमट्यात कागदाची पट्टी: 'सातवी-अ, भूगोल'. ज्या दोरीवर तुमचा चिमटा, त्या परवान्यावरून तुमच्या वर्गाची लिंक बनणार. एका दोरीवर एका वेळेच्या खाली दोन चिमटे बसतच नाहीत, म्हणजे भांडणच नाही. दोन चिमट्यांमध्ये त्यांनी दहा मिनिटांची जागा मोकळी ठेवली होती.

"ही दहा मिनिटं कशाला वाया?" मी विचारलं.

"तुम्ही वेळेवर संपवत नाही म्हणून, बाई," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं, राग नव्हता. जे होतं ते सांगितलं. सगळे हसले. मला ते लागलं. त्याच दिवशी मी त्यांचं नाव चिमटेताई ठेवलं.

ही दोऱ्यांची अक्कल त्यांना कुठून आली, तेही त्यांनीच एकदा सांगितलं. त्या लहानाच्या मोठ्या झाल्या ती इमारत चार मजल्यांची, बिऱ्हाडं चौदा आणि गच्चीवर दोऱ्या तीन. रोज सकाळी बायकांची जुंपायची. त्यांच्या आईने प्रत्येक बिऱ्हाडाला वार आणि वेळ लावून दिली. तरी भांडण मिटेना, कारण लोक वाळलेले कपडे काढायचेच नाहीत. दोरी अडून राहायची. मग पुढची बाई ते कपडे ओढून बादलीत टाकायची, आणि कधी कधी ते ओलेच असायचे.

"आईने एकच नियम केला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचे कपडे काढण्याआधी हात लावून बघायचं. ओले की वाळले."

मी म्हटलं, "छान. निबंधात घालण्यासारखं आहे." त्यांना ते खरंच वाटलं. त्या खूश झाल्या.

आमच्याकडचे वाळलेले कपडे वेगळे होते. तास संपला की शिक्षक 'संपवा' दाबायचं सोडून लॅपटॉपचं झाकण लावून मोकळे व्हायचे. त्यांना वाटायचं, दिवा मालवला. पण आत मुलं बसलेलीच असायची, गप्पा मारत, एकमेकांना माकडाची चित्रं दाखवत, आणि परवाना अडकलेला. अशा मागे राहिलेल्या वर्गांना आम्ही 'भुतं' म्हणायला लागलो. "हिरव्यावर भूत आहे" असा फोन आला की चिमटेताई स्वतः त्या वर्गात शिरायच्या, कोण आहे, शिकवणारं कुणी आहे का ते बघायच्या, मुलांना घरी पाठवल्यासारखं पाठवायच्या आणि मगच तो बंद करायच्या. त्याला चार मिनिटं लागायची. चार मिनिटांत माझा जीव जायचा.

त्यांनी शिक्षक-खोलीत एक सूचना लावली. मोठ्या अक्षरांत, स्केचपेनने:

'सुचना. तास झाल्यावर मिटींग सोडु नका. संपवा. अदलाबदल केल्यास आधी कळवा.'

मी लाल पेन काढलं आणि भिंतीवरच तिन्ही चुका दुरुस्त केल्या. 'सूचना', 'मीटिंग', 'सोडू'. खाली '३ चुका' असं लिहून त्याला गोल केला, वहीत करतात तसा. चहा पिणारे चार-पाच जण हसले. चिमटेताई दारात उभ्या होत्या. त्यांनी जवळ येऊन प्रत्येक दुरुस्ती वाचली आणि म्हणाल्या, "बरं झालं, बाई. मला ऱ्हस्व-दीर्घ जमतच नाही."

त्या सूचनेतली अक्षरं मी एकूणएक वाचली. मजकूर तेवढा वाचला नाही.

चिमटेताईंच्या घरी नवरा होता, छापखान्यात कामाला. एक मुलगी, नववीत, माझ्याच वर्गात. सासरे होते, त्यांना कमी ऐकू यायचं. खात्याची सगळी दारं चिमटेताईंच्या फोनवर उघडायची. कुणी नव्या फोनवरून किंवा नव्या लॅपटॉपवरून आत जायला गेलं की सहा आकडी कोड त्यांच्याकडे जायचा. त्यामुळे आम्ही सगळे त्यांना वेळी-अवेळी फोन करायचो. मागे कुकरची शिट्टी, सासऱ्यांचं "कोण आहे गं?" आणि मधे शांतपणे आकडे: "चार, शून्य, सात..." आकडे सांगून झाले की त्या नेहमी विचारायच्या, "अजून काही, बाई?" फोन आपण ठेवायचा, त्या नाही.

तिसऱ्या महिन्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, समितीला पत्र लिहिलं. त्यात होतं, ही सगळी व्यवस्था एकट्या बाईने उभी केली आहे, अकरा वर्षं ती कंत्राटावर आहे, तिला आता कायम करावं. समिती म्हणाली, आम्ही येऊन बघतो. एक सोमवार ठरला. समितीचे तिघे जण मोठ्या बाईंच्या खोलीत बसून पडद्यावर आठवीचा विज्ञानाचा तास बघणार, व्यवस्था कशी चालते ते पाहणार आणि बुधवारच्या बैठकीत कायम करायचं की नाही त्यावर सही करणार.

चिमटेताईंनी आठ दिवस आधी सगळ्यांना सांगितलं. आठवी विज्ञान, अकरा ते पावणेबारा, हिरवी दोरी. "त्या दिवशी फक्त चिमट्याप्रमाणे चला. काही बदललं तर मला एक फोन करा. मी नवी लिंक देईन." त्यांच्या मुलीने मला वर्गात विचारलंही, "बाई, कायम म्हणजे पर्मनंट ना?" मी म्हटलं, "हो, आणि मराठीत कायमच म्हणायचं."

त्या सोमवारी माझा नववी-बचा तास बाराला होता, तोही हिरव्या दोरीवर. आणि साडेबाराला माझ्याकडे नळवाला येणार होता.

हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. कुणाचं आजारपण नव्हतं, कुठे आग लागली नव्हती. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. मी गणिताच्या सरांना फोन केला. नववी-बलाच त्यांचा तास सव्वाअकराला होता, पिवळ्या दोरीवर. म्हटलं, "सर, तुम्ही बाराला घ्या, मी सव्वाअकराला घेते." ते म्हणाले, "घ्या की." मुलांना निरोप गेला. चिमटेताईंना फोन करायचा असतो, हे मला आठवलं होतं. पण पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईने तासाची अदलाबदल करायला संगणक-खोलीतल्या बाईची परवानगी मागायची, हे मला पटेना. सरांची जागा मला मिळाली, माझी सरांना मिळाली. हिशोब चुकता.

तो चुकता नव्हता. वेळ बदलली होती, दोरी बदलली नव्हती. मुलांकडे होती ती माझी नेहमीची लिंक, हिरव्यावरची. सव्वाअकराला पिवळी मोकळी पडून राहिली आणि मी हिरव्याचं दार ठोठावलं.

लॅपटॉप जरा रेंगाळला म्हणून अकरा बावीस झाले. पडद्यावर चौकट आली: या खात्यावर दुसरी मीटिंग सुरू आहे, ती संपवून ही सुरू करायची का? मी म्हटलं, मेलं भूत. सकाळचं कुणाचं तरी राहिलेलं असणार. त्या क्षणी मला आठवी विज्ञान आठवलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं सांगायचं तर काहीतरी आठवलं. आज काहीतरी आहे, एवढं मनात चमकलं. पण नळवाला येणार होता, आणि चार मिनिटं थांबायची माझी तयारी नव्हती.

मी 'होय' दाबलं. माझा वर्ग सुरू झाला. मी प्रयोग शिकवत होते, कर्तरी आणि कर्मणी. वाक्यात क्रियापद कुणाच्या मागे जातं ते.

मोठ्या बाईंच्या खोलीत काय झालं, ते मला शिपायाने नंतर सांगितलं. विज्ञानाच्या बाई मुलांना मेणबत्तीवर पेला उपडा घालून दाखवत होत्या. ज्योत बारीक होत आली होती. समितीचे अध्यक्ष खुर्चीत पुढे झुकले होते. आणि पडदा काळा झाला. वर पांढरी अक्षरं आली: यजमानाने ही मीटिंग संपवली आहे.

"यजमान कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

खोलीतले सगळे चिमटेताईंकडे बघायला लागले.

विज्ञानाच्या बाईंनी घरून पुन्हा सुरू करायला घेतलं, तर त्यांना तीच चौकट आली: दुसरी मीटिंग सुरू आहे. त्या शहाण्या. त्यांनी 'होय' दाबलं नाही, फोन केला. चिमटेताई धावत संगणक-खोलीत गेल्या. पिवळ्यावर सरांचा चिमटा होता, पण आत बघितलं तर पिवळ्यावर कुणीच नाही. त्यांनी पिवळ्यावरून नवी लिंक बनवली, पालकांच्या गटावर टाकली, एकेका मुलाला आत घेतलं. नऊ मिनिटांत वर्ग पुन्हा उभा राहिला. तोवर समिती चहाला उठून गेली होती, ती पडद्याकडे परत आली नाही.

नळवालाही त्या दिवशी आला नाही.

दुपारी शिक्षकांच्या गटावर मोठ्या बाईंचा निरोप आला: 'आठवीचा वर्ग मधेच बंद झाला. कुणाकडून झालं?' मी तो वाचला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा माझ्याही नावाने उमटल्या असणार. मी लिहायला घेतलं, 'बहुतेक माझ्याकडून', मग 'बहुतेक' खोडलं, मग सगळंच खोडलं. एक विचार मनात आला, आणि तो किती हलका होता हे मला आज कळतं. तिथे नाव दिसत नाही. आम्ही सतराही जण त्याच तीन नावांनी आत शिरतो. पडद्यावर काय दिसलं, तर यजमान. आणि यजमान म्हणजे शाळा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मला तर अंधारच बरा वाटत होता.

मंगळवारी शिक्षक-खोलीत मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं. मी वह्या तपासत होते. गणिताचे सर माझ्याकडे बघत होते की खिडकीबाहेर, ते मी पाहिलं नाही. मान वर केली असती तर कळलं असतं.

"खातं माझ्याकडे आहे," चिमटेताई म्हणाल्या. "जबाबदारी माझी."

आणि मग मी बोलले. गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण भ्यायलेला माणूस जरा जास्तच बोलतो. मी मान न उचलता म्हणाले, "चिमट्यांवर शाळा चालवायची म्हटल्यावर हे व्हायचंच."

कुणी हसलं नाही. चिमटेताईंनी पदराचं टोक बोटावरून सोडलं आणि त्या कामाला निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी माझा फोन बिघडला आणि मला मुलाच्या जुन्या फोनवरून आत जावं लागलं. म्हणजे कोड आला. म्हणजे त्यांना फोन करणं आलं. मी कितीतरी वेळ फोन हातात धरून बसले होते. शेवटी लावला. मागे कुकर, सासरे, सगळं नेहमीचं. त्यांनी आकडे सांगितले, नेहमीसारखे सावकाश. मी लिहून घेतले.

"अजून काही, बाई?" त्यांनी विचारलं.

त्या थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.

"नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बुधवारी समितीची बैठक झाली. गुरुवारी सकाळी हजेरीच्या वहीपाशी कळलं: कायम करण्याचा विचार तूर्त नाही, कंत्राट एक वर्ष वाढवलं. शिपाई म्हणाला, "एवढी राबते बिचारी, आणि कुणाच्या तरी एका बोटाने घात केला." मी सही करत होते. माझी सही चुकली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याच नावात काना राहिला.

मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. म्हटलं, "सोमवारी आठवीचा वर्ग माझ्यामुळे गेला." मला वाटलं, त्या दचकतील. कदाचित रागावतील. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

तो हिरव्या परवान्याचा त्या दिवसाचा अहवाल होता. खातं तो स्वतःच ठेवतं म्हणे, कुठला वर्ग किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला. शिक्षकाचं नाव त्यात नसतं, पण वर्गाचं असतं. 'आठवी विज्ञान: सुरू १०.५८, समाप्त ११.२२.' आणि लगेच खालच्या ओळीत, 'नववी-ब भाषा: सुरू ११.२२.'

नववी-बला भाषा शिकवणारी त्या शाळेत मी एकटीच होते.

"हा तुमच्याकडे कधीपासून आहे?" मी विचारलं.

"सोमवारी दुपारपासून. तिनेच छापून आणून दिला."

"मग तुम्ही समितीला दाखवला का नाही?"

मोठ्या बाई जरा वेळ चष्मा पुसत बसल्या. "मी दाखवणार होते. तीच म्हणाली, थांबा. बाई स्वतः सांगतील. म्हणाली, बाई चूक तशीच ठेवत नाहीत, भिंतीवरचीसुद्धा दुरुस्त करतात. बुधवारी बैठकीला जाईपर्यंत ती दारात उभी होती. मला म्हणाली, अजून दहा मिनिटं थांबा." त्यांनी चष्मा लावला. "मीही थांबायला नको होतं. ते माझं चुकलं. पण तुम्ही गुरुवारी आलात."

काही वेळा कुणी आपल्याला मारलं असतं तर बरं, असं वाटतं. मोठ्या बाईंनी फक्त कागद खणात परत ठेवला आणि म्हणाल्या, समितीला पत्र लिहा, पुढच्या बैठकीत ठेवते. पुढची बैठक चार महिन्यांनी.

मी शिक्षक-खोलीच्या कोपऱ्यात बसून पत्र लिहिलं. मी पंचवीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं आहे, मायना, विषय, समारोप, पूर्ण गुणांचं. पत्र उत्तम झालं. ते घेऊन मी संगणक-खोलीत गेले. चिमटेताई स्टुलावर चढून शुक्रवारचे चिमटे लावत होत्या. मला बघून त्या खाली उतरल्या.

माफी कशी मागायची, हे मी जिनाभर ठरवत आले होते. तोंडातून एवढंच आलं, "ताई, तो ओला होता."

"हो, बाई," त्या म्हणाल्या. "हात लावून बघायला हवं होतं."

"तुम्ही मला मंगळवारी फोनवर का नाही विचारलंत?"

"विचारलं होतं की."

मी त्यांच्यापुढे पत्र धरलं. त्या खिडकीशी गेल्या, उजेडात धरून त्यांनी ते वाचलं. एकेका शब्दाखालून बोट फिरवत, मी लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या त्यांनी ज्या बारकाईने वाचल्या होत्या त्याच बारकाईने. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. एका ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"बाई, मला यातलं कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण इथे तुम्ही लिहिलंय, 'माझ्या तासाच्या वेळी आठवीचा वर्ग बंद पडला.'"

"मग?"

"पडला नव्हता ना, बाई."

मी वाचलं. पूर्ण गुणांचं पत्र होतं. मायना होता, विषय होता, दिलगिरी होती, आणि सगळ्या पानात कर्ता कुठेच नव्हता. वर्ग बंद पडला, गैरसोय झाली, घोटाळा घडला. सगळं आपलं आपण झालं होतं. ज्या तासाला मी तो वर्ग मारला, त्याच तासाला मी मुलांना विचारत होते, वाक्यात करणारा कोण ते आधी शोधा.

त्यांनी टेबलावरचं पेन माझ्यापुढे केलं. निळं होतं. मी माझ्या पर्समधलं लाल काढलं. 'पडला' खोडलं, वर लिहिलं, 'मी केला'. मग पुढच्या ओळीकडे गेले. तीन ठिकाणी बदलावं लागलं. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. झाल्यावर मी कागद पुन्हा त्यांच्या हातात दिला, तपासायला दिल्यासारखा. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला आणि मान हलवली.

त्या कायम झाल्या, पण तेव्हा नाही. पुढच्या बैठकीत पत्र ठेवलं गेलं, नोंदवलं गेलं. त्यानंतरच्या वर्षी सही झाली. तोपर्यंत मी निवृत्त झाले होते. त्यांच्या सेवेच्या नोंदीत ते एक वर्ष कायमचं कमी राहिलं, आणि त्या वर्षाचा कर्ता कोण, ते त्या नोंदीत कुठे लिहिलेलं नाही. म्हणून मी इथे लिहिलं.

पत्र दुरुस्त केलं त्या दिवशी मी निघताना त्यांनी मला हाक मारली. नववी-बचा पुढच्या सोमवारचा चिमटा त्यांच्या हातात होता.

"बाई, तुमचा तास बाराचाच ठेवू ना, हिरव्यावर? की काही बदल आहे?"

"नाही," मी म्हटलं. "असला तर आधी कळवीन."

त्यांनी चिमटा दोरीवर लावला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटांची जागा सोडली.